'परक्याचं धन' म्हणणाऱ्यांना उत्तर

"'जिच्या हाती पाळण्याची दोरी, ती जगाते उद्धारी' ही म्हण मुलींच्या शिक्षणावरच्या भाषणात पुरेशी आहे का?"

अर्थ सोपा आहे: आई शिकलेली असेल तर मुलांना घडवते. पण ही म्हण मुलीला फक्त आई म्हणूनच मोजते, म्हणून एवढ्यावर थांबू नका. सभेत 'मुलगी म्हणजे परक्याचं धन' हे कुणीतरी म्हणतंच. मुलगी सासरी जाणार, मग शिकवायचं कशाला, असा त्याचा अर्थ. तिथे सांगा, २००५च्या दुरुस्तीपासून हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे. तरीही बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या-अंगठे घेतले जातात. वाचता येणारी मुलगी त्यात कोणते गट नंबर आहेत ते आधी बघते, आणि सोडायचं की नाही ते स्वतः ठरवते. हे उदाहरण शेतकरी बायकांना लगेच पटतं.