मदत हवी आहे : 16व्या आठवड्यात कांजिण्यांचा संपर्क

माझी धाकटी बहीण 16 आठवड्यांची गरोदर आहे. रविवारी जावेचा मुलगा तासभर तिच्या मांडीवर होता आणि सोमवारी संध्याकाळी त्याच्या अंगावर कांजिण्यांचे फोड उठले. फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच संसर्ग पसरत असल्याने हा संपर्क खराच धरावा लागतो. तिला लहानपणी कांजिण्या आल्याचे आईला आठवत नाही आणि तिने लसही घेतलेली नाही. मात्र आठवण नसली तरी अनेक प्रौढांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडतात, म्हणून डॉक्टरांनी आज व्हॅरिसेला आयजीजी ही तपासणी करून घेतली आहे.

प्रतिपिंडे असतील तर ती सुरक्षित आहे. नसतील, तर संपर्कापासून 10 दिवसांच्या आत व्हॅरिसेला-झोस्टर इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन द्यावे, किंवा ते न मिळाल्यास सातव्या दिवसापासून असायक्लोव्हिरच्या गोळ्या सुरू कराव्यात, असे त्यांनी सांगितले. लसीत जिवंत विषाणू असल्याने ती आता देता येत नाही. तिला कांजिण्या झाल्याच, तरी बाळाला इजा होण्याची शक्यता शंभरात एक-दोन इतकीच असते. मला अधिक भीती वाटते ती तिला न्यूमोनिया होण्याची.

कोल्हापूर-सांगली भागात हे इंजेक्शन अलीकडे कोणाला मिळाले आहे का, आणि मागवल्यावर किती दिवसांत आले? शिवाय संपर्कानंतर आठव्या दिवसापासून तिने इतर गरोदर स्त्रियांपासून दूर राहायचे आहे. अशा वेळी सोनोग्राफीसाठी दवाखान्याने कोणती वेगळी व्यवस्था केली, हेही अनुभव असणाऱ्यांनी कृपया कळवावे.