मदत हवी आहे: मिनीबारच्या बिलावरून चेकआऊटला होणारे वाद कसे थांबवायचे?

नमस्कार मंडळी, मी कांदोळीला एका हॉटेलात हाऊसकीपिंग बघतो. आमच्याकडे गेस्ट मिनीबारमधली बियर पितात आणि बाहेरच्या दुकानातून तोच ब्रँड आणून परत ठेवतात, गोव्यात दारू स्वस्त त्यामुळे हे फार सोपंय. मोजलं तर नग बरोबर भरतात, म्हणून आता आम्ही कॅनच्या बुडाला आमचा छोटा स्टिकर लावतो आणि रिफिल स्लिपवर बॅच नंबर लिहितो, त्याने बदललेला माल लगेच कळतो.

पण खरा घोळ व्होडकाच्या छोट्या बाटल्यांचा आहे. परवा एका गेस्टने तक्रार केली की बाटलीत पाणी आहे, झाकणाची रिंग आधीच तुटलेली. आता ती आधीच्या गेस्टने भरली की आमच्या मुलाने, कसं ठरवणार? आधीचा गेस्ट मोपाच्या पहाटेच्या फ्लाइटला गेलेला, तेव्हा रूम चेक करायला कोणी नव्हतं, सकाळी १० ला अटेंडंटने नुसते नग मोजून ओके लिहिलं. रक्कम शेवटी अलाउन्समध्ये टाकून सोडावी लागली.

फ्रीजला नंबरवाला प्लास्टिक सील लावून तो नंबर सुपरवायझरने प्रत्येक चेकइनच्या आधी लिहायचा, असा विचार आहे. कोणी करतंय का हे? आणि पहाटेच्या चेकआऊटचं चेकिंग तुमच्याकडे कोण करतं, नाइट शिफ्टचा माणूस की आदल्या संध्याकाळीच बघून घेता? प्लीज सांगा, दरवेळी संशय अटेंडंट पोरांवर येतो ते बघवत नाही.