इन-इअर लावल्यावर गाताना स्वतःचाच आवाज जातो, रविवारच्या आत मदत हवी

रंकाळा_रिफ
चौघांचा रॉक बँड आहे. मी गातो आणि रिदम गिटार वाजवतो. स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरच्या शिट्ट्यांना वैतागून वायरलेस इन-इअर घेतले. गेल्या शनिवारी कॉलेजच्या हॉलवर पहिलाच कार्यक्रम त्यावर केला. साउंड चेकला एकदम झकास होतं. तिसऱ्या गाण्यापासून माझा आवाजच कानातून गायब. शेवटच्या गाण्याला उलट इतका दणकून आला की मी ओढून काढलाच. सेट खराब आहे का? दुकानदार सोमवारपर्यंतच परत घेणार आणि रविवारी परत कार्यक्रम आहे. कोणता दुसरा घेऊ ते सांगा पटकन.

पांढरा_रस्सा
माझ्या पण ब्लूटूथमध्ये डाव्या कानाला येत नव्हतं. काडीने जाळीतला मळ काढला, झालं. आधी ते बघा.

रंकाळा_रिफ
काका, हे मोबाईलचे नव्हेत. स्टेजवरचे आहेत.

विंगेतला
सेट परत करायच्या आधी दोन गोष्टी सांग. आवाज गेला म्हणजे खरखर करत तुटला, की हळूहळू बारीक झाला? आणि त्या वेळी कानात गिटार होती का?

रंकाळा_रिफ
खरखर अजिबात नाही. बारीक होत गेला. गिटार होती तशीच.

विंगेतला
मग रेडिओ निर्दोष. ट्रान्समीटरची रेंज किंवा कमरेच्या पॅकची बॅटरी गेली असती तर गिटारसकट सगळंच तुटलं असतं. एकट्या आवाजाला काय झालं ते मिक्सरवर झालंय. मिक्सर कुठला? तुझा ट्रान्समीटर कुठल्या आउटपुटला लावला होता?

उद्यमनगर_बास
मिक्सर बिक्सर सोडा. भावा, सोबत आलेले इयरफोन फेकून दे आणि कानाच्या साच्यावरून कस्टम करून घे. मी केलेत. बाहेरचं काही आत येत नाही, त्यामुळे व्हॉल्यूम कमी ठेवूनही सगळं ऐकू येतं. जगात बरेच मोठे बँड हेच वापरतात.

विंगेतला
कस्टम चांगलेच. ड्रमर अ‍ॅलेक्स व्हॅन हॅलनसाठी त्याच्या मॉनिटर इंजिनिअरने, जेरी हार्वीने, तसले करून दिले आणि त्यातूनच १९९५ मध्ये अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. ड्रमच्या वर ऐकू यावं म्हणून वेज, म्हणजे स्टेजवरचा तिरका मॉनिटर, वाढवत नेणं त्यामुळे थांबलं. पण मिक्सरमधून आवाजच येत नसेल तर साच्याचे लावले काय नि दोनशे रुपयांचे लावले काय. धागाकर्त्याने उत्तर दिलेलं नाही.

रंकाळा_रिफ
मिक्सर साउंडवाल्याचा होता, साधाच, डिजिटल नाही. त्याने मागच्या कुठल्यातरी भोकात वायर लावली. ड्रमरला मॉनिटर हवा होता म्हणून एक त्याला दिलं, दुसरं मला.

विंगेतला
ऑक्स, म्हणजे मॉनिटर-रिव्हर्बला वेगळा आवाज देणाऱ्या वाटा, दोनच असणार. तशा मिक्सरवर बहुतेक वेळा पहिला ऑक्स मॉनिटरचा असतो, म्हणजे फेडरच्या, हॉलचा आवाज वरखाली करणाऱ्या पट्टीच्या, आधीचा. दुसरा इको-रिव्हर्बचा, म्हणजे फेडरच्या नंतरचा. ड्रमरचा वेज पहिल्यावर गेला आणि तू रिव्हर्बच्या वाटेवर बसलास. हॉलमध्ये आवाज जास्त वाटला की साउंडवाला तुझा फेडर खाली घेणार आणि त्याच्याबरोबर तुझा कानही खाली जाणार. शेवटच्या गाण्याला पब्लिक ओरडायला लागलं, त्याने फेडर वर ढकलला, तो तुझ्या कानात फुटला. गिटारचा फेडर त्याने हलवलाच नसेल, म्हणून ती जागेवर राहिली.

तपासायला एक मिनिट लागतं. माइकमध्ये एकच सूर धरून ठेव आणि त्याला फक्त तुझा फेडर वरखाली करायला सांग. कानातला आवाज हलला तर फेडरनंतरचा आहे. काही मिक्सरवर ऑक्सजवळ PRE/POST असं छोटं बटण असतं, ते असेल तर PRE दाबलं की काम झालं.

ऑर्केस्ट्रा_८०
आम्ही लक्ष्मीपुरीच्या मंडपात वीस वर्षं गायलो, मॉनिटर नाही आणि कानात बुचं पण नाहीत. सूर डोक्यात पाहिजे बाळा. बीटल्सने १९६५ मध्ये शे स्टेडियमवर कुठे मॉनिटर लावले होते?

विंगेतला
नव्हतेच. पन्नास हजारांवर पब्लिकच्या किंकाळ्यांमध्ये त्यांना स्वतःचं काही ऐकू येत नव्हतं. पुढच्याच वर्षी त्यांनी दौरे बंद केले, त्याला हेही एक कारण होतं. तुमच्या काळी स्टेजवर मार्शलचे अँप नव्हते हो आबा.

ऑर्केस्ट्रा_८०
ढोलकी होती. शंभर अँपला भारी.

उद्यमनगर_बास
आबा 😄 पण ते वेज वाईट म्हणून सरसकट सांगणं पण चूक आहे. माइकच्या बरोबर मागे ठेवला की शिट्टी येतच नाही.

विंगेतला
साध्या कार्डिऑइड माइकला खरं आहे, तो मागून सगळ्यात कमी घेतो. सुपरकार्डिऑइडला मागे थोडा कान असतो, त्याची बहिरी जागा मागच्या दोन्ही बाजूंना तिरकी असते, तर वेजही तिथे तिरके लागतात. आणि "येतच नाही" काढून टाक. वाढवत गेलं की कुठल्याही माइकवर येते.

मिरजकर_तिकटी
मी साउंडचं काम करतो. आम्हाला शिव्या द्यायच्या आधी एवढं बघा की बऱ्याच हॉलवर आम्हाला विंगेत बसवतात. पुढे पब्लिकला काय जातंय ते आम्हाला कळत नाही, मग अंदाजाने फेडर हलतोच. मधोमध, पब्लिकमध्ये टेबल द्या, निम्मे वांदे तिथेच संपतील. आणि इन-इअरवाल्या बँडचा एक त्रास कोणी सांगत नाही. आधी पहिल्या रांगेला गायकाचा आवाज वेजमधून मिळायचा. आता वेज नाही, हॉलचे पीए स्पीकर दोन्ही कडेला, मधल्या खुर्च्यांना फक्त ड्रम आणि गिटारचा अँप. मग प्राध्यापक येऊन मलाच म्हणतात आवाज वाढवा.

विंगेतला
बरोबर. स्टेजच्या पुढच्या कडेला एक छोटा स्पीकर मध्यभागी, फक्त आवाजासाठी.

रंकाळा_रिफ
आज प्रॅक्टिसला त्याच साउंडवाल्याला बोलावलं. फेडर हलवला की कान हलतोय!! बटण नाही. ऑक्स अदलाबदल केल्या, मी आता पहिल्यावर. ड्रमर म्हणतो त्याच्या वेजमध्ये माझा आवाज वरखाली झाला तर चालेल, त्याला किक आणि बास पाहिजे. पण आता नवीन लफडं. दोन ओळींच्या मध्ये मी गप्प असतो तेव्हा झांजा माइकमधून कानात घुसतात. आणि एक कान काढून गायलं की बरं वाटतं.

विंगेतला
आधी कान. एक काढलास की दुसऱ्यात तेवढंच ऐकू यायला व्हॉल्यूम वाढवणार, ते नको. १०० डेसिबलला पंधरा मिनिटांवर जास्त नको असं अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेचं प्रमाण आहे, तुमचा एक सेट त्याहून मोठा असेल. पॅकमधला लिमिटर चालू आहे का बघ, माइक हातातून पडला तरी झटका कमी बसेल.

झांजांचं, तुझ्या चॅनलवर कॉम्प्रेसर आहे का? असेल तर तू गप्प झालास की तो आवाज दाबणं सोडतो आणि मागचा ड्रम वर येतो. हॉलसाठी लावलेला कॉम्प्रेसर कानाला जाऊ नये, पण तुमच्या मिक्सरवर तो वेगळा काढता येतो का ते समोर बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. आणि साउंड चेकला गेन बसला की त्याला सांग, गेनला परत हात लावायचा नाही. तो फेडरच्याही आधी असतो, फिरवला की तुझा कान परत जाईल.

मिरजकर_तिकटी
झांजांसाठी ड्रमरला बाजूला सरकवा आणि माइक त्याच्याकडे तोंड करून धरू नका. कॉम्प्रेसर नंतर बघा.

पांढरा_रस्सा
मळ काढून बघितला का?

रंकाळा_रिफ
😅 काढला काका. कॉम्प्रेसर आहे असं साउंडवाला म्हणतो, रॅकमध्ये. उद्या तो बायपास करून ऐकतो. सेट परत करत नाही.