नववीच्या वर्गात ‘माणूस की मशीन’ ओळखायचा तास : उपयोग किती?

नाशिकचा बाबा
मुलीच्या शाळेत नववीला बारा उतारे वाटले. कुठला माणसाने लिहिलाय आणि कुठला एआयने, ते ओळखायचं. तिचे नऊ बरोबर आले, बक्षीस म्हणून पेनही मिळालं. हे सगळ्या शाळांत सक्तीचं करायला हवं. मशीनची भाषा ओळखता आली की मुलं व्हॉट्सॅपवरच्या खोट्या मेसेजला फसणार नाहीत.

खडकवासला
शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही. युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवलं, हा मेसेज आपण सगळ्यांनी वाचलाय. चॅटजीपीटी यायच्या कितीतरी आधीपासून तो फिरतोय, माणसानेच लिहिलाय आणि साफ खोटा आहे. तुमच्या मुलीने तो ‘माणसाचा’ म्हणून अचूक ओळखला असता, तरी तो खरा की खोटा हे तिला कळलं नसतंच. त्यासाठी उतारा बाजूला ठेवून दुसरीकडे शोधावं लागतं, आणि तुमच्या तासात तेवढंच राहून गेलं.

आता बाराला नऊचं. नुसता अंदाजपंचे टिक करत गेलं, तर चाळीसच्या वर्गात दोघा-तिघांना नऊ किंवा जास्त मिळतातच. २०२१ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी जीपीटी-३ या मॉडेलने लिहिलेल्या गोष्टी, बातम्या आणि पाककृती माणसांनी लिहिलेल्यांबरोबर लोकांपुढे ठेवल्या होत्या. निकाल छापा-काट्याइतकाच आला. नमुने दाखवून तयारी करून घेतली, तेव्हा कुठे ५५ टक्क्यांपर्यंत मजल गेली. आणि ते मॉडेल आता जुनं झालं.

साताऱ्याचे गुरुजी
मी हा तास घेतलाय, म्हणून बोलतो. विषय दिला ‘गावची जत्रा’. पाच उतारे मशीनचे, पाच जुन्या वह्यांतले. मशीनच्या जत्रेत रंगीबेरंगी दुकानं, भक्तिमय वातावरण, आबालवृद्धांचा उत्साह. पोरांच्या जत्रेत पाळण्यातून उतरल्यावर ओकलेला भाऊ आणि देवळाबाहेरून गेलेली नवी चप्पल. माझ्या वर्गाने जवळपास सगळे बरोबर सांगितले. जगलेलं असलं की ते लिखाणात दिसतं, एवढी साधी गोष्ट आहे. एरवी जी पोरं उतारा वाचतसुद्धा नाहीत, ती त्या दिवशी एकेका शब्दावर भांडत होती.

खडकवासला
वह्यांतले उतारे टाइप करताना शुद्धलेखन सुधारलं होतंत का? नसेल, तर पोरांनी चप्पल बघितली नाही, ऱ्हस्व-दीर्घ बघितलं. मशीनचा उतारा स्वच्छ असतो. ‘चूक दिसली की माणूस’ हा नियम पोरं दुसऱ्या उताऱ्यापासूनच लावायला लागतात आणि तो फसवा आहे, कारण चार चुका घालून दे म्हटलं की मशीन घालून देतं.

चप्पलही ते हरवून देतं. २०२३ मध्ये स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी हेच तपासलं. ‘मी’ म्हणून लिहिलेलं, घरच्यांबद्दल, आठवणींबद्दल लिहिलेलं लोक माणसाचं समजतात. मग त्याच खुणा असलेला मशीनचा मजकूर निवडून दाखवला, तर लोकांना तो खऱ्या माणसांच्या लिखाणाहून जास्त माणसाचा वाटला.

साताऱ्याचे गुरुजी
नव्हतं सुधारलं. पुढच्या वेळी सुधारून देईन, तेवढं मान्य. पण मॅडम, तुम्ही पंचेचाळीस पोरांसमोर कधी उभ्या राहिलात का? परदेशातले पेपर वाचून आमचे तास मोडीत काढणं सोपं असतं.

दहावीची आई
तुमचा खेळ होतो, भोगतात मुलं. माझ्या मुलाने उन्हाळ्यात आजीबरोबर गच्चीवर शेवया वाळत घालण्यावर निबंध लिहिला. आजीने काठीवर टाकलेल्या शेवया वाऱ्याने कशा चिकटतात, इथपर्यंत लिहिलं होतं. बाईंनी सगळ्या वर्गासमोर ‘हे तुझं नाही’ म्हणून वही परत दिली. का, तर भाषा नीट होती! आणि गाईडमधलं ‘फाटक्या पुस्तकाचे मनोगत’ घोकून उतरवणाऱ्यांना पैकीच्या पैकी. इतकी वर्षं शाळेने मुलांना मशीनसारखंच लिहायला लावलं. आता म्हणे मशीन ओळखा!

निवृत्त परीक्षक
गाईडला सरसकट शिव्या देऊ नका. बोर्डाचे पेपर तपासताना एका गठ्ठ्यात तेच पहिलं वाक्य पुन्हापुन्हा वाचून मीही कंटाळलो आहे. पण नंदुरबारकडच्या ज्या मुलाच्या घरी पावरी बोलतात, त्याला प्रमाण मराठीतली चार तयार वाक्यं म्हणजे काठीचा आधार असतो. त्या चार वाक्यांवर तो पास होतो. शहरातल्या पालकांना ‘स्वतःच्या शब्दांत लिही’ म्हणायला काय जातं?

दहावीची आई
शहरातली म्हणून माझ्या मुलाचा अपमान चालतो का? आणि त्या मुलाला आयुष्यभर आधारावरच ठेवायचं का? त्याला त्याच्या घरचं लिहू द्या, चुका असल्या तरी मार्क द्या. ते तुमच्याच हातात होतं.

निवृत्त परीक्षक
माझ्या हातात नमुना उत्तर होतं. त्याबाहेर मार्क दिले की मॉडरेटर लाल शाई फिरवायचा. तुम्हाला व्यवस्था माहीत नाही, उगाच माझ्यावर घसरू नका.

खडकवासला
तुम्हा दोघांच्या भांडणातच मूळ प्रश्नाचं उत्तर आहे. मोजक्या, ठरावीक शब्दांत लिहिणारं मूल मशीन ठरण्याची भीती सर्वांत जास्त. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले ९१ निबंध मशीनचं लिखाण ओळखणाऱ्या सात डिटेक्टरांतून काढले. सरासरी ६१ टक्के निबंध मशीनचे ठरले, आणि सगळे माणसांनी लिहिलेले होते. ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर जानेवारी २०२३ मध्ये आणला आणि अचूकता कमी म्हणून जुलैत काढून घेतला.

आता आपल्या वर्गाचा हिशोब करा. समजा चाळीसपैकी चौघांनी निबंध मशीनकडून लिहून घेतला. बाई हुशार आहेत, चारातले तीन पकडतात. पण उरलेल्या छत्तीसांतल्या दर सहांमागे एकावर चुकून संशय घेतात. म्हणजे नऊ जण उभे केले, त्यांतले सहा निर्दोष. शेवयावाला मुलगा त्या सहांतला.

नाशिकचा बाबा
हा हिशोब पटला, नाइलाजाने का होईना. पण म्हणून तासच बंद करायचा?

साताऱ्याचे गुरुजी
मुळीच नाही. मॅडमनी एक बाजू सांगितली, दुसरी मी सांगतो. २०२५ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला. लिखाणासाठी नेहमी चॅटजीपीटी वापरणारे पाच जण बसवले, ३०० लेख दिले. पाचांच्या बहुमताने फक्त एक लेख चुकला. म्हणजे सवयीने ओळखता येतं. मग पोरांना सवय का लावू नये?

खडकवासला
अभ्यास खरा आहे आणि चांगला आहे, हे मान्य करावंच लागेल. पण ते अख्खे इंग्रजी लेख होते आणि निर्णय बहुमताचा होता. शंभर शब्दांच्या मराठी उताऱ्यावर एकट्या पोराला तेवढं जमेल, असं मी धरून चालणार नाही.

तास घ्याच, फक्त असा घ्या. मशीनचे उतारे किती आहेत ते आधी सांगू नका. शुद्धलेखन, विरामचिन्हं, लांबी सगळ्यांची सारखी करा. प्रत्येक उत्तरापुढे कारण लिहून घ्या. फळ्यावर दोन वेगळे रकाने करा : मशीनचे किती पकडले आणि माणसांचे किती उगाच मशीन ठरवले. एकूण गुणांत हा दुसरा आकडा लपतो. मग एक फेरी अशी, की आठही उतारे मुलांनीच लिहिलेले आणि वर्गाला ते माहीत नाही. त्यातले तीन-चार तरी मशीनचे ठरतील, आणि पोरांनी लिहिलेली कारणं तिथेच त्यांच्यासमोर असतील. उरलेल्या वेळात दोन उतारे घ्या, एक माणसाचा खोटा आणि एक मशीनचा खरा. लेखक कोण हे सांगूनच टाका आणि त्यातला दावा कुठे तपासायचा एवढंच शोधायला लावा.

दहावीची आई
आणि त्या आठांतल्या ज्यांचे उतारे मशीनचे ठरतील, त्यांचं काय? नाव झाकलं तरी कुणाच्या घरचं लिखाण आहे ते वर्गाला कळतं. तुम्ही पुन्हा तेच करताय, फक्त फळ्यावर.

साताऱ्याचे गुरुजी
आमच्या केंद्रातल्या दुसऱ्या शाळेतले उतारे घेतो, आमचे त्यांना देतो. लिहिणारा वर्गात नसेल. पण पेनाचं बक्षीस मी ठेवणार, त्याशिवाय मागच्या बाकावरची पोरं हलत नाहीत.

खडकवासला
पेन द्यायचं तर चांगल्या कारणाला द्या, बरोबर उत्तराला नको.

साताऱ्याचे गुरुजी
ते मी ठरवेन.