मदत हवी आहे: सॉलिटेअरची शेवटची गोटी कोपऱ्यात का राहत नाही?

कोडेखोर: ३३ घरांच्या, अधिकचिन्हासारख्या पटावर शेवटची गोटी वरच्या बाहूच्या डाव्या कोपऱ्यात, म्हणजे पहिल्या ओळीच्या तिसऱ्या रकान्यात, उरवायची आहे. पूर्वी एकदा जमले होते, आता तीन आठवडे जमत नाही. मित्र म्हणतो की रंगवून पाहिल्यास हे अशक्य असल्याचे कळते, पण बुद्धिबळासारखे काळे-पांढरे रंगवून मला काहीच कळले नाही. उत्तर लवकर द्यावे.

निळीशाई: सुरुवातीला कोणते घर रिकामे असते, ते आपण लिहिलेले नाही.

कोडेखोर: मधलेच, आणखी कोणते?

अर्धाडाव: दोन रंग पुरेसे आहेत. गोटी दोन घरे पुढे जाते, म्हणून तिचा रंग बदलत नाही. शेवटची गोटी मधल्या घराच्याच रंगावर असणार.

निळीशाई: पण कोणती गोटी उरवायची, हे खेळणारा ठरवतो. मधल्या घरात संपणाऱ्या डावाची शेवटची उडी उजवीकडून असेल, तर त्याआधी चौथ्या ओळीत पाचव्या व सहाव्या घरात गोट्या असतात. त्याऐवजी पाचवीने सहावीवरून उडी मारली, तर डाव सातव्या घरात संपतो, आणि ते घर विरुद्ध रंगाचे आहे.

म्हणून तीन रंग घ्यावेत. ओळ व रकाना यांच्या क्रमांकांची बेरीज तीनने भागून येणाऱ्या बाकीप्रमाणे घरे रंगवली, की तिरपे पट्टे पडतात आणि प्रत्येक रंगाला ११ घरे येतात. कोणत्याही उडीतली तीन घरे तीन वेगळ्या रंगांची असतात. दोन रिकामी होतात, एक भरते, म्हणजे तिन्ही रंगांवरील गोट्यांची संख्या एकाच वेळी सम-विषम बदलते. सुरुवातीला मधल्या रंगावर १० आणि इतरांवर ११-११ गोट्या असल्यामुळे तो रंग शेवटपर्यंत इतर दोघांहून वेगळा राहतो, आणि एकटी उरलेली गोटी त्याच रंगावर असावी लागते. बेरजेऐवजी वजाबाकी घेऊन उलट्या दिशेचे पट्टेही तपासले, तर पाचच घरे शिल्लक राहतात: मधले, आणि चार बाहूंच्या टोकांची मधली घरे. आपला कोपरा त्यांत नाही.

मोकळापट: मग हे चुकीचे असावे. मी मधून सुरू करतो, तरी माझ्याकडे एक गोटी कधीच उरत नाही. माझ्या पटावर आतल्या कोपऱ्यांत चार घरे जास्त आहेत, एवढेच.

निळीशाई: तो ३७ घरांचा पट झाला. तिथे मधले घर रिकामे केल्यावर तिन्ही रंगांवर १२-१२ गोट्या असतात, म्हणजे तिन्ही संख्या एकत्रच सम किंवा विषम राहणार. एक गोटी उरली, तर एक संख्या विषम आणि दोन शून्य होतील. म्हणून ते तिथे घडतच नाही.

कोडेखोर: पण मला खरोखर जमले होते! तेव्हा एक गोटी हरवल्यामुळे वरचा उजवा कोपराही रिकामा होता, पण त्याने काय फरक पडतो?

निळीशाई: हे आधी सांगायचे! तो कोपरा मधल्या घराहून वेगळ्या रंगाचा आहे. त्यामुळे दोन रंगांवर १०-१०, तिसऱ्यावर ११ गोट्या होत्या आणि शेवटची गोटी तिसऱ्या रंगावर येणे भाग होते. आपला डावा कोपरा दोन्ही दिशांच्या पट्ट्यांत त्याच तिसऱ्या रंगाचा आहे.

अर्धाडाव: रंग आडवे येत नाहीत, एवढेच त्यातून ठरते. ३१ गोट्यांच्या त्या डावाच्या ३० उड्या कुठे लिहिल्या आहेत का?

कोडेखोर: नाहीत. आज तो कोपरा रिकामा ठेवून पुन्हा मांडतो, या वेळी उड्या लिहीत जाईन.