मदत हवी आहे: पॉडकास्टच्या पहिल्या भागाची पोस्ट टाकली, पण लोक ऐकत नाहीत आणि लिंकही उघडत नाही म्हणतात

नदीकाठची

नमस्कार. १९६१ च्या पानशेतच्या पुरात ज्यांची घरं गेली त्यांच्या आठवणी मी गेली दोन वर्षं रेकॉर्ड करते आहे. त्यातून ‘नदीकाठचं घर’ नावाचा पॉडकास्ट सुरू केला. पहिला भाग माझ्या आजीचा आहे, ३४ मिनिटांचा. गेल्या रविवारी नातेवाइकांच्या, शाळेच्या आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ही पोस्ट टाकली:

> नमस्कार मंडळी! कळवण्यास अत्यंत आनंद होतो की ‘नदीकाठचं घर’ या नव्या मराठी पॉडकास्टचा पहिला भाग ‘भाग १: ओळख’ प्रसिद्ध झाला आहे. या भागात आपण पानशेतच्या पुराविषयी आणि तेव्हाच्या पुण्याविषयी गप्पा मारणार आहोत. नक्की ऐका, लाइक करा, शेअर करा.
> https://youtu.be/VIDEO_IDवर ऐका. स्पॉटिफायवरही आहे, लिंक खाली. ॲपलवर लवकरच.

तिन्ही ग्रुपमध्ये मिळून तीनशेच्या वर माणसं आहेत. अंगठे आणि जोडलेले हात भरपूर आले, संध्याकाळपर्यंत ऐकलं मात्र अकरा जणांनी. मामा म्हणाला लिंक उघडतच नाही. दुसऱ्या लिंकवर दोघांना पासवर्ड विचारला गेला. माझ्या फोनवर तर सगळं नीट चालतं. येत्या रविवारी पुन्हा पोस्ट टाकायची आहे. आजी ८७ वर्षांची आहे आणि कोण काय म्हणालं हे रोज विचारते, म्हणून जरा घाईत आहे.

रेडिओवेडा

आधी लिंकचं बघू, ते लगेच सुटेल. तुमच्या पोस्टमध्ये पत्त्याला ‘वर’ चिकटलाय. मराठीत आपण प्रत्यय जोडून लिहितो, म्हणून हात आपोआप तसा चालतो. पण फोनला तो ‘वर’ पत्त्याचाच भाग वाटू शकतो आणि भलतंच पान उघडतं. पत्ता नेहमी वेगळ्या ओळीवर एकटा ठेवा. त्याच्या मागेपुढे शब्द नको, पूर्णविरामही नको.

पासवर्डचं कारण वेगळं आहे. दुसरी लिंक तुम्ही भाग अपलोड केलात त्या पानावरच्या पट्टीतून उचलली का? ते तुमच्या खात्याचं आतलं पान असतं. तुम्ही लॉगिन असता म्हणून तुम्हाला दिसतं, बाकीच्यांना ते दार बंद. पोस्ट टाकण्याआधी प्रत्येक लिंक ब्राउझरच्या खासगी खिडकीत उघडून बघायची. तिथे तुमचं लॉगिन नसतं, त्यामुळे मामाला जे दिसणार तेच तुम्हाला दिसतं. स्पॉटिफायची लिंक त्यांच्या ॲपमध्ये त्या भागावर जाऊन ‘शेअर’मधून घ्या. पत्त्यात काय लिहिलंय तेही बघा:

```
open.spotify.com/show/...      पूर्ण पॉडकास्टचं पान
open.spotify.com/episode/...   फक्त हा भाग
```

तुम्हाला दुसरी हवी. पहिली दिली तर आज चालेल, पण दहा भाग झाले की माणूस यादीत आजीला शोधत बसेल.

आता मजकूर. त्याबद्दल एकच विचारतो. या ३४ मिनिटांत असा कुठला क्षण आहे जो तुम्ही एडिट करताना पुन्हा मागे जाऊन ऐकलात?

टिळकरोड

हुक म्हणजे पहिल्या ओळीत प्रश्न टाकायचा, साधा नियम आहे. ‘पानशेत फुटलं त्या रात्री नेमकं काय घडलं?’ असं लिहा आणि हजारो बळी गेले हा आकडा टाका, म्हणजे लोक थांबतात. आणि जितक्या ॲपवर भाग आहे तितक्या सगळ्या लिंक द्या. कोण काय वापरतं आपल्याला काय माहीत.

अण्णा_कोथरूड

ताई, माइक कुठला वापरलात? मीही वडिलांच्या आठवणी फोनवर रेकॉर्ड केल्या, पण पंख्याचा आवाज फार येतो.

दुसरं म्हणजे, धरण रात्री फुटलं नाही. १२ जुलै १९६१, बुधवार होता. पानशेत सकाळी गेलं आणि त्या पाण्याच्या लोंढ्याने दुपारी खडकवासला. पानशेतचं धरण मातीचं होतं, पुरतं बांधूनही झालं नव्हतं. आदल्या दिवशी जवानांनी वाळूची पोती रचून ते धरून ठेवलं, म्हणून लोकांना थोडा तरी अवधी मिळाला. मी नऊ वर्षांचा होतो. पुढे आम्ही गोखलेनगरला राहायला गेलो. घरातलं पाणी ओसरल्यावर आईने सगळ्यात आधी चिखलातून पाटा काढला. वरवंटा काही सापडला नाही. तो पाटा अजून आमच्या गॅलरीत आहे.

रेडिओवेडा

टिळकरोड, अण्णांनी दिवस-वेळ सांगितलीच. त्यांच्यासारखा ऐकणारा पहिल्याच ओळीत ‘त्या रात्री’ वाचेल आणि पुढे ऐकणार नाही. बळींचा आकडाही टाकू नका. तो ठिकठिकाणी वेगवेगळा सांगितला जातो, आणि आजी आकड्याबद्दल बोलतच नसेल तर ऐकणाऱ्याला फसल्यासारखं वाटेल. पोस्टमध्ये जे कबूल केलं ते भागात मिळालं पाहिजे.

प्रश्नाचं म्हणाल तर तो चालतो, पण ज्याचं उत्तर वाचणाऱ्याला खरंच माहीत नाही असाच. ‘नेमकं काय घडलं’ याचं उत्तर पुण्यातल्या माणसाला वाटतं आपल्याला माहीत आहे. अण्णांचा पाटा बघा. त्यांनी कुठलाही प्रश्न विचारला नाही, पण मला तो वरवंटा कुठे गेला असेल हे कळावंसं वाटलं.

नदीकाठची

अण्णा, वाचून अंगावर काटा आला. माइक साधा कॉलरला लावायचा आहे. पंखा बंद केला, खिडकीला गोधडी टांगली आणि आजीला पलंगावर बसवलं, एवढंच. गाद्या-उशांच्या खोलीत आवाज घुमत नाही.

रेडिओवेडा, तुम्ही विचारलेला क्षण आहे. पाणी येतंय अशी ओरड झाली तेव्हा आजीने कणीक मळून ठेवली होती. ती तशीच झाकली, दाराला कुलूप लावलं आणि माझ्या आत्याला कडेवर घेऊन पर्वतीकडे निघाली. दुसऱ्या दिवशी परत आली तेव्हा किल्ली कनवटीला होती आणि वाडा जमिनीला मिळाला होता. ती किल्ली तिने अजून देव्हाऱ्यात ठेवली आहे. हे २१ व्या मिनिटाला येतं. पोस्टमध्ये लिहिलं नाही कारण वाटलं, तेच सांगून टाकलं तर ऐकायला काय उरेल?

रेडिओवेडा

किल्ली सांगा. किल्ली आजवर का ठेवली ते सांगू नका. ते आजीच्या तोंडून ऐकायचं आहे.

मग तीन गोष्टी बदलाव्या लागतील. पहिली, भागाचं नाव. ‘भाग १: ओळख’ यातून काहीच कळत नाही आणि ॲपच्या यादीत लांब नाव मध्येच तुटतं. क्रमांकासाठी अपलोड करताना वेगळा रकाना असतो, तिथे १ घाला. नावात फक्त किल्ली असू द्या.

दुसरी, भागाची सुरुवात. पोस्ट वाचून किल्लीसाठी आलेला माणूस २१ मिनिटं थांबणार नाही. सुरुवातीलाच आजीचं ते एक वाक्य तीस-चाळीस सेकंद वाजू द्या, तिथेच तोडा, मग तुमची ओळख. तुमच्या होस्टिंगमध्ये फाइल बदलायची सोय असेल तर नवी फाइल चढवा, लिंक तीच राहते. यूट्यूबवर मात्र फाइल बदलता येत नाही. तिथे नव्याने चढवावं लागेल आणि लिंकही नवी होईल. म्हणून ते रविवारच्या आधी करा.

तिसरी, पोस्टची पहिली ओळ. व्हॉट्सॲपवर मजकूर लांबला की खालचा भाग घडी होऊन ‘पुढे वाचा’च्या आड जातो. तुमचा ‘कळवण्यास अत्यंत आनंद’ वर राहिला आणि लिंक आड गेली. किल्ली पहिल्या ओळीत हवी आणि लिंक घडी पडायच्या आत.

सॅनहोजेकर

आमच्याकडे बरेच जण आयफोनवर ऐकतात, तेव्हा ॲपलची लिंक हवीच. ‘लवकरच’ लिहू नका, कोणी परत येऊन बघत नाही. नवा पॉडकास्ट ॲपलकडे दिला की ते आधी तपासतात आणि त्यात काही दिवस जाऊ शकतात. मी माझ्या वेळी दोन मिनिटांची झलक दहा दिवस आधी चढवून पॉडकास्ट नोंदवून ठेवला होता. त्यामुळे पहिला भाग आला तेव्हा पान तयार होतं. लिंकच्या शेवटी `?i=` आणि आकडे असतील तर ती त्या भागाची. ते नसेल तर पूर्ण पॉडकास्टची.

गुगल पॉडकास्ट्सची लिंक मात्र देऊ नका. ते २०२४ मध्ये बंद झालं. जुने नमुने बघून लोक अजून ते नाव टाकतात.

टिळकरोड

आकड्याचं मान्य, तारीख-वेळ मी नीट बघायला हवी होती. पण लिंकबद्दल मी ठाम आहे. एकच दिली तर बाकीचे सुटतात.

रेडिओवेडा

तीनपर्यंत द्या, पण प्रत्येकीवर ती कुणासाठी आहे ते लिहा. सहा लिंका नुसत्या एकाखाली एक टाकल्या की माझी आई एकही दाबत नाही, मलाच फोन करून विचारते. आणि व्हॉट्सॲप चित्राची चौकट साधारण पहिल्या लिंकचीच दाखवतं, म्हणून पहिली कुठली हे महत्त्वाचं. लिंक टाकल्यावर दोन-तीन सेकंद थांबा, चौकट उमटू द्या, मग पाठवा. चूक राहिलीच तर १५ मिनिटांत संदेश दुरुस्त करता येतो.

नदीकाठची

काल रात्री बसून सुरुवात बदलली. ॲपलचं पान आज सकाळी आलं. तिन्ही लिंका खासगी खिडकीत उघडून बघितल्या, मग मामाच्या फोनवरही. हे ठीक वाटतं का?

> आजीने कणीक झाकली, दाराला कुलूप लावलं आणि पर्वतीकडे निघाली. दुसऱ्या दिवशी परत आली तेव्हा किल्ली होती, घर नव्हतं.
> १२ जुलै १९६१, पानशेतचा पूर. ती किल्ली ६० वर्षांहून जास्त काळ देव्हाऱ्यात का आहे, ते आजी स्वतः सांगते. ३४ मिनिटं.
>
> यूट्यूबवर (कुठल्याही फोनवर):
> https://youtu.be/VIDEO_ID
>
> स्पॉटिफायवर:
> https://open.spotify.com/episode/EPISODE_ID
>
> आयफोनवर, ॲपल पॉडकास्ट्स:
> https://podcasts.apple.com/in/podcast/SHOW/idSHOW_ID?i=EPISODE_ID
>
> ‘नदीकाठचं घर’, भाग १. तुमच्या घरी त्या दिवसाची एखादी वस्तू असेल तर मला जरूर कळवा.

सॅनहोजेकर

मी उघडून ऐकायलाही लागलो. फक्त इन्स्टाग्रामवर हाच मजकूर जसाच्या तसा टाकू नका. तिथे फोटोखालच्या मजकुरातली लिंक दाबता येत नाही. स्टोरीत लिंकचं स्टिकर लावा किंवा लिंक प्रोफाइलवर ठेवा.

टिळकरोड

‘नक्की ऐका, शेअर करा’ काढलंत, ते मला पटलं नाही. आपली माणसं सांगितल्याशिवाय पुढे पाठवत नाहीत.

रेडिओवेडा

शेवटच्या ओळीत वस्तू कळवायला सांगितलंय ना, मला ते पुरेसं वाटतं. पण टिळकरोड म्हणतात तसंही होऊ शकतं. दोन ग्रुपवर दोन्ही प्रकारे टाकून बघा. एक शंका मला अजून आहे. यूट्यूब पहिलं ठेवलंत ते ज्येष्ठांसाठी योग्य, पण स्क्रीन बंद केली की पैसे न भरणाऱ्यांचा आवाज थांबतो. स्वयंपाक करता करता ऐकणाऱ्या काकूंना ते जमेल का?

अण्णा_कोथरूड

आमच्या हिने आत्ताच ऐकलं, फोन ओट्यावर चालू ठेवून. पोळ्या होईपर्यंत अर्धा भाग झाला. ताई, पाट्याचा फोटो कुठे पाठवू?

नदीकाठची

अण्णा, तुम्हाला इथेच निरोप केला आहे. फोटो नको. तुम्हाला चालणार असेल तर मी माइक घेऊन घरी येते. येताना गोधडी आणते.