मदत हवी आहे: कोषागाराने 3,80,171 रुपयांच्या अतिप्रदानाची वसुली काढली आहे, उत्तर कसे द्यावे?

जुनी_नस्ती (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार. मी राज्य शासनाच्या एका कार्यालयातून वरिष्ठ लिपिक म्हणून 30 जून 2018 रोजी वयाच्या 58 व्या वर्षी निवृत्त झालो. सातवा वेतन आयोग नंतर लागू झाल्यामुळे माझे निवृत्तिवेतन सुधारून मूळ 24,500 रुपये झाले. एप्रिल 2024 मध्ये खात्यात येणारी रक्कम अचानक जवळपास सहा हजारांनी कमी झाली. मी चौकशी केली, तेव्हा "तपासणीत दुरुस्ती झाली आहे" एवढेच तोंडी उत्तर मिळाले. आता कोषागाराकडून पत्र आले आहे. त्यात 1 एप्रिल 2020 ते 31 मार्च 2024 या काळात 3,80,171 रुपये जादा दिले गेले असून ती रक्कम 30 दिवसांत एकरकमी भरावी, अन्यथा निवृत्तिवेतनातून कापली जाईल, असे लिहिले आहे. कारण म्हणून "अंशराशीकरणाची कपात न झाल्यामुळे" एवढे चार शब्द आहेत. हिशेबाचा तक्ता जोडलेला नाही.

मी कोणतीही माहिती लपवलेली नाही. पत्नीच्या औषधोपचाराचा खर्च याच पैशांतून चालतो आणि चार लाखांच्या घरातली रक्कम एकदम भरणे मला शक्य नाही. उत्तरात काय लिहावे, याचे कृपया मार्गदर्शन करावे.

समांतर_रेषा

काका, अजिबात घाबरू नका आणि एक रुपयाही भरू नका. सर्वोच्च न्यायालयाने 18 डिसेंबर 2014 रोजी पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे की गट क आणि गट ड च्या कर्मचाऱ्यांकडून, तसेच निवृत्त झालेल्यांकडून चुकून दिलेली जादा रक्कम वसूल करता येत नाही. तुम्ही दोन्हींत बसता. निकालाची प्रत जोडून दोन ओळींचे उत्तर द्या, प्रकरण तिथेच संपेल.

साठीनंतर

हयातीचा दाखला वेळेवर दिला होता ना? माझे निवृत्तिवेतन मागे दोन महिने थांबले होते, ते दाखला पोहोचला नाही म्हणून. दाखला दिल्यावर सगळी थकबाकी एकदम जमा झाली. आधी ते तपासून पाहा.

जुनी_नस्ती

साठीनंतर, आभारी आहे, परंतु दाखला दर नोव्हेंबरमध्ये दिलेला आहे आणि निवृत्तिवेतन थांबलेले नाही, फक्त कमी झाले आहे. समांतर_रेषा यांनी सांगितलेला निकाल वाचून थोडा धीर आला.

लेखाशीर्ष

मी लेखा विभागात बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. वरचा निकाल खरा आहे, पण तो तुमच्या प्रकरणाला सरळ लागू पडेल असे मला वाटत नाही आणि केवळ त्याच्या भरवशावर दोन ओळींचे उत्तर देऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्या निकालामागे चुकीची वेतननिश्चिती होती. कार्यालयाने चुकून जास्त पगार दिला, कर्मचाऱ्याला त्याची कल्पना नव्हती आणि त्याने तो खर्च करून टाकला, अशी ती परिस्थिती होती. अंशराशीकरणात गोष्ट वेगळी असते. तिथे आपण निवृत्तिवेतनाचा एक भाग विकतो, त्याची एकरकमी किंमत घेतो आणि त्या बदल्यात दरमहा कपात मान्य करतो. एकरकमी रक्कम हातात आली आणि कपात मात्र झाली नाही, तर तेवढे पैसे दोनदा मिळालेले असतात. शिवाय 2016 मध्ये जगदेव सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असेही म्हटले आहे की जादा रक्कम परत करण्याची हमी ज्याने आधीच लिहून दिली आहे, त्याच्याकडून वसुली होऊ शकते. निवृत्तिवेतन सुरू होताना आपण सह्या केलेल्या कागदांत असे हमीपत्र बहुधा असतेच.

म्हणून आधी दोन गोष्टी शोधा. सातव्या आयोगानुसार सुधारणा झाल्यावर फरकाच्या अंशराशीकरणाची मोठी रक्कम खात्यात जमा झाली होती का, ते 2020 च्या सुमाराच्या पासबुकात पाहा. मार्च 2024 आणि एप्रिल 2024 या दोन महिन्यांच्या निवृत्तिवेतन पावत्या शेजारी ठेवून कोणत्या रकान्यात फरक पडला आहे, तेही इथे लिहा.

जुनी_नस्ती

पासबुक काढले. मार्च 2020 च्या शेवटच्या आठवड्यात 6,01,306 रुपये जमा झाल्याची नोंद आहे. तेव्हा मी ती सातव्या आयोगाची थकबाकी समजलो होतो. मुलीच्या लग्नाचे कर्ज फेडण्यात ती रक्कम गेली.

पावत्यांचे असे आहे. दोन्ही महिन्यांत मूळ निवृत्तिवेतन 24,500 आणि महागाई वाढ 11,270 आहे. मार्चमध्ये अंशराशीकृत भाग 3,814 दाखवला आहे आणि एप्रिलमध्ये तोच 9,800 झाला आहे. म्हणजे फरक 5,986 रुपयांचा आहे.

लेखाशीर्ष

आता चित्र स्पष्ट झाले. 24,500 चे 40 टक्के म्हणजे 9,800. सहाव्या आयोगाच्या निवृत्तिवेतनावर आधीच 3,814 विकलेले होते, म्हणून वाढीव भाग 5,986 रुपयांचा आहे आणि त्याचीच किंमत तुम्हाला मार्च 2020 मध्ये मिळाली. ती कपात एप्रिल 2020 पासून व्हायला हवी होती, ती एप्रिल 2024 पासून झाली. चूक कोषागाराची आहे, तुमची नाही, पण 48 महिन्यांचे 5,986 प्रमाणे 2,87,328 रुपये देणे लागते, हे मला प्रामाणिकपणे सांगावेच लागेल.

परंतु पत्रातली मागणी 3,80,171 ची आहे. वरचे 92,843 रुपये कुठून आले? माझा अंदाज असा आहे की त्यांनी 5,986 वर चार वर्षांची महागाई वाढही लावली आहे. ती लावता येत नाही, कारण महागाई वाढ अंशराशीकरणापूर्वीच्या पूर्ण मूळ निवृत्तिवेतनावर मिळते आणि विकलेल्या भागामुळे ती कमी होत नाही. याचा पुरावा तुमच्याच हातात आहे. कपात 3,814 ची असताना महागाई वाढ 11,270 होती आणि कपात 9,800 झाल्यावरही ती 11,270 च राहिली. महागाई वाढीत एक रुपयाही जादा मिळालेला नसेल, तर परत काय करायचे? दोन्ही पावत्यांच्या प्रती उत्तराला जोडा.

तरीही तक्ता मागितल्याशिवाय माझा अंदाज खरा धरू नका. आधी लेखी मागणी करा की महिनावार देय रक्कम, प्रत्यक्ष दिलेली रक्कम आणि फरक दाखवणारा तक्ता द्यावा, तसेच महालेखापालांच्या ज्या प्राधिकारपत्राने फरकाचे अंशराशीकरण मंजूर झाले त्याची प्रत द्यावी आणि तोपर्यंत वसुली स्थगित ठेवावी. प्रतिसाद मिळाला नाही, तर माहितीच्या अधिकारात तोच मजकूर मागा. त्याला 30 दिवसांची मुदत असते.

चाफ्याखाली

मी निवृत्त शिक्षिका आहे. माझ्याकडूनही वसुली काढली होती, पण ती सेवेत असताना चुकीने दिलेल्या एका वेतनवाढीची होती आणि ती वेतनवाढ देऊन दहा वर्षे उलटली होती. उच्च न्यायालयाने रफीक मसीहच्याच आधारे ती रद्द केली. म्हणून मला वाटते, काकांनी लगेच देणे मान्य करू नये. एकदा "देणे लागतो" असे लिहून दिले की पुढे न्यायालयात कोण ऐकेल?

लेखाशीर्ष

ताई, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि तुमच्या प्रकरणात तो निकाल नेमका लागू होता, कारण बदल्यात तुम्हाला दुसरी कोणतीही रक्कम मिळालेली नव्हती. काकांनी उत्तरात "हक्क राखून" असे स्पष्ट लिहावे, यालाही माझी सहमती आहे. वसुली अत्यंत जाचक किंवा मनमानी ठरेल अशी परिस्थिती, हाही त्या निकालातला एक आधार आहे. वय, आजारपण आणि चूक पूर्णपणे कार्यालयाची असणे हे त्याखाली मांडता येईल. सहा लाखांची नोंद समोर असताना न्यायाधिकरण ते कितपत मानेल, याबद्दल मात्र मी साशंक आहे.

आणखी एक बाब सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. विकलेला भाग 15 वर्षांनी पुन्हा सुरू होतो. वाढीव भागाची रक्कम मार्च 2020 मध्ये मिळाली आणि कपातही एप्रिल 2020 पासूनची वसूल होणार असेल, तर ती 15 वर्षे एप्रिल 2020 पासूनच मोजली पाहिजेत, म्हणजे 5,986 रुपये एप्रिल 2035 पासून पुन्हा मिळतील. प्रत्यक्ष कपात एप्रिल 2024 पासून नोंदली आहे म्हणून पुनर्स्थापना 2039 मध्ये दाखवली, तर चार वर्षांची कपात दुसऱ्यांदा सोसावी लागेल आणि ती रक्कम पुन्हा 2,87,328 च होते. पुनर्स्थापनेचा दिनांक कोषागाराकडून आत्ताच लेखी घ्या. 2035 मध्ये तुमचे वय 75 च्या घरात असेल आणि हा कागद शोधायला आजचा कोणीही त्या टेबलावर नसेल.

समांतर_रेषा

हे मला माहीत नव्हते. माझा सल्ला घाईचा होता, हे मान्य करतो. पण हप्त्यांचे काय? ते म्हणतील तेवढाच हप्ता घ्यायचा का?

लेखाशीर्ष

हप्ता आपण सुचवावा, त्यांच्यावर सोडू नये. चूक 48 महिने चालली. त्याच्या दुप्पट, म्हणजे 96 महिने मागितले तर हप्ता 2,993 रुपयांचा होतो. ते कदाचित 60 महिन्यांवर येतील, पण सुरुवात कारणासह आपण केलेली बरी. व्याज लावू नये, हेही लिहा, कारण विलंब तुमच्यामुळे झालेला नाही. उत्तर 30 दिवसांच्या आत पोच मिळेल अशा टपालाने पाठवा किंवा आवक शिक्क्यासह प्रत घ्या. तरीही त्यांनी 3,80,171 चाच अंतिम आदेश काढला, तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात त्या आदेशापासून एका वर्षाच्या आत जावे लागते. तोंडी आश्वासनांत ती मुदत घालवू नका.

जुनी_नस्ती

आपण दिलेल्या वेळेबद्दल मनापासून आभार. उत्तराचा मुख्य मजकूर असा केला आहे, चूक असल्यास सांगावी:

"आपल्या पत्रासोबत हिशेबाचा तक्ता नसल्याने मागणीची तपासणी करता येत नाही. तक्ता व प्राधिकारपत्राची प्रत द्यावी आणि तोपर्यंत वसुली करू नये. मार्च व एप्रिल 2024 च्या पावत्यांनुसार महागाई वाढीत कोणताही फरक नाही. त्यामुळे 5,986 रुपये दरमहा या दराने 48 महिन्यांच्या 2,87,328 रुपयांपलीकडील मागणी मला मान्य नाही. उर्वरित रकमेबाबत माझे सर्व कायदेशीर हक्क राखून विनंती करतो की वसुली करावयाचीच असल्यास ती विनाव्याज, 2,993 रुपयांच्या 96 मासिक हप्त्यांत करावी. वाढीव अंशराशीकृत भागाच्या पुनर्स्थापनेचा दिनांक एप्रिल 2020 पासून 15 वर्षे मोजून लेखी कळवावा."

एक शंका उरते. त्या चार वर्षांत जादा मिळालेल्या 5,986 रुपयांवरही मी आयकर भरला आहे. रक्कम परत केल्यावर त्या कराचे काय होते?

लेखाशीर्ष

मजकूर चांगला आहे. फक्त "उर्वरित रकमेबाबत" ऐवजी "2,87,328 रुपयांबाबतही" असे लिहा, म्हणजे हक्क नेमके कशाबाबत राखले आहेत याचा संभ्रम राहणार नाही. कराच्या प्रश्नावर मी बोलू नये. वसुलीचा वर्षवार तपशील आणि त्या वर्षांची विवरणपत्रे घेऊन एखाद्या सनदी लेखापालांना भेटा.

चाफ्याखाली

करासंबंधी उत्तर मिळाले तर इथे जरूर लिहा. माझ्या नणंदेच्या बाबतीतही हाच प्रश्न अडून राहिला आहे.